मांजराच्या डोळ्यात पांढरा पडदा दिसू लागला तर

मांजराच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढुरका, किंचित गुलाबी पडदा वर आलेला दिसला की पेण-रोह्याकडच्या घरांत पहिला अंदाज ठरलेला असतो. कुणी म्हणतं डोळ्यात काहीतरी गेलंय, कुणी म्हणतं मोतीबिंदू झाला. मग गुलाबपाणी शोधलं जातं, नाहीतर आजोबांच्या डोळ्यांसाठी आणलेली थेंबांची बाटली बाहेर निघते. पडदा दोन्ही डोळ्यांत सारखाच आला असेल तर हे दोन्ही अंदाज बहुधा चुकीचे असतात. अशा वेळी बिघाड डोळ्यात नसून पोटात, आतड्यात किंवा अंगातल्या पाण्यात असण्याची शक्यता जास्त. उपचार चुकीच्या जागी सुरू होतो आणि दोन-तीन मोलाचे दिवस हातचे जातात.

हा पडदा म्हणजे मांजराची तिसरी पापणी. ती प्रत्येक निरोगी मांजराला असते. तिच्या आत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची कुर्चा असते आणि बुडाशी अश्रू तयार करणारी एक ग्रंथी असते. उंदरामागे झुडपात शिरताना गवताची पाती डोळ्यात जाऊ नयेत, बुबुळ ओलं राहावं, हे तिचं काम. एरवी ती कोपऱ्यात दुमडलेली असते आणि जागं, ताजंतवानं मांजर समोर बसलेलं असताना तिची जेमतेम कड दिसते. गाढ झोपेतून नुकत्याच उठलेल्या मांजरात ती क्षणभर अर्ध्या डोळ्यावर आलेली दिसेल. ते स्वाभाविक आहे. मांजर पूर्ण जागं होऊन आळस देऊन चालू लागलं तरी ती मागे गेली नाही, तर मात्र विचार करायला हवा.

पापणी वर का येते हे समजण्यासाठी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की डोळ्याचा गोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो. ही गादी झिजली किंवा अंगातलं पाणी कमी झालं की डोळा आत जातो आणि पापणी पुढे सरकते. डोळा दुखत असेल तर मांजर एका खास स्नायूने तो स्वतःच आत ओढून घेतं, तेव्हाही हेच होतं. दुसरी गोष्ट म्हणजे ही पापणी मागे धरून ठेवणारे बारीक स्नायू असतात आणि त्यांना सतत हुकूम देणारी एक मज्जाव्यवस्था असते. संकटात छाती धडधडवणारी, बाहुल्या मोठ्या करणारी जी व्यवस्था, तीच ही. तिचा जोर ओसरला की स्नायू सैल पडतात आणि पापणी वर येते. थकलेल्या, तापाने मलूल झालेल्या मांजरात हेच दिसतं. नसबंदीनंतर भुलीचा अंमल असेपर्यंत पापणी वर असते, तीही याच कारणाने.

यातून एक गोष्ट निघते, जी मांजर पाळणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. घाबरलेल्या मांजराची तिसरी पापणी वर येत नाही, उलट मागे खेचली जाते. भीतीच्या वेळी रक्तात येणारं ॲड्रेनलिन या स्नायूंना आवळतं. हा परिणाम इतका नेमका असतो की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांजराची तिसरी पापणी चक्क मोजमापाचं साधन म्हणून वापरली. ॲड्रेनलिनसारखं द्रव्य किती सुटलं, हे ते पापणीच्या आकुंचनावरून जोखत. म्हणून ‘मांजर घाबरलंय, त्यामुळे पडदा आलाय’ हे म्हणणं बरोबर नाही. ताण आणि पडदा यांचा संबंध आहे, पण तो सरळ नाही. ताणामुळे मांजर खाणं सोडतं, लपून बसतं, पाणी कमी पितं, त्याला जुलाब होतात, अंगात दबून बसलेला विषाणू उठतो, आणि मग या सगळ्यापायी पापणी वर येते. म्हणजे पडदा दिसला तेव्हा ताण सुरू होऊन बहुधा काही दिवस उलटलेले असतात.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. घरी दोन दिवस अर्धा डोळा झाकलेलं मांजर टोपलीत घालून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात दवाखान्यात नेलं की टेबलावर त्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि पडदा बराचसा मागे गेलेला असतो. डॉक्टरांना तो दिसत नाही आणि घरच्यांना वाटतं आपल्यालाच भास झाला. म्हणून घरीच, दिवसाच्या उजेडात, मांजर पूर्ण जागं असताना, फ्लॅश न लावता दोन्ही डोळे एकत्र येतील असा मोबाइलवर फोटो काढा. दहा-वीस सेकंदांचा व्हिडिओही घ्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे फोटो असले तर पडदा वाढतोय की घटतोय हेही कळतं.

आता दोन्ही डोळ्यांत पडदा येण्याची गोष्ट एका उदाहरणातून पाहू. रोह्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. गणपतीला आठवडा उरलाय आणि घरात रंगकाम चालू आहे. फर्निचर इकडचं तिकडे झालंय. मांजरीची रोजची झोपायची जागा ताडपत्रीखाली गेली आणि रंगाचा वास घरभर आहे. तीन वर्षांची, 3.6 किलो वजनाची ही मांजरी पोटमाळ्यावर जाऊन बसली आणि रात्री सामसूम झाल्यावरच खाली येऊ लागली. मग पाहुणे आले, मुलं आली, आरत्या, ताशे, फटाके सुरू झाले. मासळीच्या वासालाही ती येईना. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की तिच्या दोन्ही डोळ्यांचा तिसरा हिस्सा पडद्याने झाकलाय.

इथे सर्वांत आधी डोळे नीट बघायचे. या मांजरीच्या डोळ्यांतून पाणी किंवा पू येत नाही, ती डोळे बारीक करत नाही, पंजाने चोळत नाही, बुबुळ स्वच्छ आहे आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत. म्हणजे डोळा दुखत नाहीये. मग नजर अंगाकडे वळवायची. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून हलकेच उचला आणि सोडा. ती लगेच सपाट झाली पाहिजे. वळी सावकाश जिरत असेल तर पाणी कमी पडलंय. हिरड्यांना बोट लावा. त्या ओल्या, निसरड्या हव्यात. बोट चिकटत असेल तर तीच खूण. पातळ शी होते आहे का ते बघा. बाहेर जाऊन शी करणाऱ्या मांजरीला जुलाब झालेत हे घरात कुणालाच माहीत नसतं, म्हणून शेपटीखालचे केसही बघा.

त्यानंतर वजन. मांजरीला टोपलीत ठेवून प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा लावा किंवा वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा आणि टोपलीचं वजन वजा करा. माणसाने मांजर घेऊन उभं राहण्याच्या काट्यात शे-दोनशे ग्रॅमचा फरक लपून जातो. या मांजरीचं वजन 3.2 किलो भरलं. चारशे ग्रॅम आपल्याला किरकोळ वाटतात, पण ते तिच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त आहेत. त्यातला काही भाग अंगातलं पाणी आहे आणि काही चरबी-मांस. डोळ्यामागची गादी आणि पाणी अशी दोन्ही बाजूंनी घट झाली, म्हणून पडदा वर आला.

अशा मांजरीला घरी चमच्याने पाणी पाजून भागत नाही. तिची तूट पाव लिटरच्या आसपास असू शकते आणि घाईने तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. डॉक्टर सलाईन कातडीखाली किंवा शिरेतून देतील, ताप बघतील, शी तपासतील. शीचा ताजा नमुना छोट्या स्वच्छ डबीत घेऊन गेलात तर एक फेरी वाचते. घरी आल्यावर अन्न कोमट करून द्या, वास सुटला की मांजर तोंड लावतं. मांदेली किंवा बांगडा नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून चालतो. घरच्या कालवणातला तुकडा मात्र नको. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. दूधही नको, जुलाब वाढतात.

पडदा कधी उतरेल, हा पुढचा प्रश्न असतोच. फक्त पाणी कमी झालं असेल तर ते भरून निघाल्यावर एक-दोन दिवसांत तो मागे जातो. चरबी झिजली असेल तर वजन परत येईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, तो थोडा दिसत राहील. तिसरा प्रकारही आहे. मांजर खातंय, खेळतंय, उड्या मारतंय आणि तरी दोन्ही पडदे अर्ध्यावर. यात बहुधा तरुण मांजर असतं आणि थोड्या दिवसांपूर्वी त्याला जुलाब झालेले असतात किंवा पोटात जंत असतात. आतड्यातल्या बिघाडानंतर पापणी धरून ठेवणारी मज्जाव्यवस्था तात्पुरती ढिली पडते. याला पशुवैद्यक हॉ सिंड्रोम म्हणतात. डॉक्टर तपासणीसाठी एक विशिष्ट थेंब घालतात आणि काही मिनिटांत पडदा मागे गेला की निदानाला पुष्टी मिळते. तो थेंब उपचार नव्हे. हा प्रकार साधारण चार ते आठ आठवड्यांत आपोआप बरा होतो, फक्त जुलाब आणि जंत यांचा बंदोबस्त करावा लागतो.

जंतांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात हा विषय हमखास येतो. मांजराच्या शेपटीखाली किंवा झोपायच्या फडक्यावर तांदळाच्या कणीसारखे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर ते फीतकृमीचे आहेत. हा कृमी पिसवांतून येतो. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि तिच्या पोटातली अळी आतड्यात वाढते. उंदीर खाल्ल्याने दुसऱ्या जातीचा फीतकृमी येतो. दुकानातून आणलेलं नेहमीचं पायरँटेलचं जंतांचं औषध गोल कृमींवर चालतं, फीतकृमीवर नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागतं आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर महिन्याभरात कणी पुन्हा दिसते. एक मात्र कधी करू नका. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावू नका. मांजराला त्याने झटके येतात आणि ते दगावू शकतं.

पिल्लांच्या बाबतीत हिशेब वेगळा. लस न दिलेल्या, दोन-चार महिन्यांच्या पिल्लाचे दोन्ही पडदे वर आहेत, उलट्या होतायत, ते पाण्याच्या वाटीशी मान टाकून बसलंय आणि पीत नाहीये, तर पॅनल्युकोपेनियाची शंका घ्यायची. हा पार्व्हो जातीच्या विषाणूचा आजार आहे. तो पिल्लांना एक-दोन दिवसांत नेतो. इथे सकाळची वाट बघू नये. याची लस साधारण आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस असतात.

ताणाने उठणारा विषाणू वेगळा, तो मांजरांचा हर्पिस. लहानपणी सर्दी आणि चिकट डोळे झालेली बहुतेक मांजरं तो जन्मभर मज्जातंतूत बाळगतात. माणसाला त्याची लागण होत नाही. ताण आला की तो पुन्हा जागा होतो, पण त्याच दिवशी नाही. साधारण आठवडाभराने होतो. म्हणून गणपतीत नीट दिसणाऱ्या मांजराला विसर्जन होऊन घर शांत झाल्यावर शिंका येतात, एक किंवा दोन्ही डोळे गळू लागतात आणि पडदा सुजून लाल दिसतो. घरच्यांना या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. इथे पडदा वर आहे तो दुखण्यामुळे, आणि त्यावरचा उपचार डोळ्याचाच असतो.

एकाच डोळ्यात पडदा आला तर आधी दुखापत समजायची. पेण, हमरापूर, जोहे या भागात मूर्तींच्या कारखान्यांतून उंदरांपायी मांजरं वावरतात. हंगामात मूर्ती घासताना उडणारी पीओपीची भुकटी, फवारणीच्या रंगाचे कण, काथ्याचे तंतू त्यांच्या डोळ्यात जातात. मांजर एक डोळा मिटून बसतं, त्यातून पाणी येतं, आणि पडद्याआड काय आहे ते दिसत नाही. अशा वेळी उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाईन स्वच्छ सिरिंजने, सुई न लावता, डोळ्यावरून हळू सोडा. बोटाने किंवा कापसाने पडदा मागे ढकलायचा प्रयत्न करू नका. बुबुळावर ओरखडा असेल तर डॉक्टर फ्लुरोसीनचा थेंब घालून बघतात. जखमेची जागा हिरवी चमकते.

याच टप्प्यावर घरातली थेंबांची बाटली सर्वांत घातक ठरते. माणसांच्या डोळ्यांसाठीच्या अनेक थेंबांत प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. ही स्टेरॉइडं लाली लगेच कमी करतात, म्हणून बरं वाटलं असं वाटतं. पण बुबुळावर जखम असेल तर ती भरायची थांबते, हर्पिस असेल तर भडकतो, आणि काही दिवसांत बुबुळ आरपार फाटून डोळा जाऊ शकतो. लेबलवर यांपैकी कुठलंही नाव असेल तर ती बाटली मांजरापासून दूर ठेवा. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणं त्याहून वाईट. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही आणि एका गोळीने जीव जाऊ शकतो.

एका डोळ्याचा आणखी एक प्रकार ओळखता यायला हवा. पडदा वर, त्याच बाजूची बाहुली दुसरीपेक्षा बारीक, वरची पापणी लोंबलेली आणि डोळा जरा आत गेलेला, अशी चार लक्षणं एकत्र दिसली तर तो हॉर्नर सिंड्रोम. योहान फ्रीडरिश हॉर्नर या स्विस नेत्रवैद्याने 1869 मध्ये माणसातलं असंच चित्र नोंदवलं, त्याचं नाव त्याला पडलं. पापणी धरून ठेवणारा मज्जातंतू मेंदूतून पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत उतरतो, मानेतून पुन्हा वर चढतो आणि कानाच्या आतल्या भागाजवळून डोळ्याकडे जातो. या लांब वाटेवर कुठेही इजा झाली तरी खूण डोळ्यात उमटते. बोक्यांच्या मारामारीत मानेला बसलेला चावा, कानातला जुना पू, मोटारसायकलची धडक, छातीतली गाठ, यांतलं काहीही असू शकतं. डोळ्यात औषध घालून यातलं काहीच सुधारत नाही. डॉक्टरांना मान, कान आणि छाती तपासायला सांगा.

थोडक्या वेळात निर्णय घ्यायचा असेल तेव्हा तापमान उपयोगी पडतं. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात जेमतेम आत धरा, दुसऱ्या माणसाने मांजर टॉवेलात गुंडाळून धरावं. 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे मांजराचं स्वाभाविक तापमान. माणसाला तो ताप वाटेल, मांजराला नाही. 104 च्या वर किंवा 99 च्या खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मोठ्या मांजराने पूर्ण चोवीस तास काहीच खाल्लं नसेल तरीही तेच. लठ्ठ मांजर तर काही दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साचून काविळीपर्यंत जातं, म्हणून त्याच्याबाबत ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब धरू नका. मांजर ओळखीचं नसेल आणि हाताळताना चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच सरकारी रुग्णालयात जा.

पेण आणि रोहा दोन्हीकडचे पशुवैद्य गाई-म्हशी आणि शेळ्यांसोबत मांजरंही बघतात. सलाईन, जंत, शीची तपासणी, साधा डोळा, एवढं इथे होऊ शकतं. बुबुळाला खोल जखम, हॉर्नर किंवा डोळ्यामागची गाठ असेल तर पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या, आणि घरी काढलेले फोटो, वजनाचा आकडा, शेवटचं कधी खाल्लं ती वेळ आणि आतापर्यंत डोळ्यात काय काय घातलं त्या बाटल्या सोबत न्या. घरगुती काही घातलं असेल तर तेही सांगा, लपवू नका. त्यावरून पुढचा थेंब ठरतो.

यंदा रंगकामाचा पहिला डबा उघडण्याआधी मांजराचं वजन करून आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आवाजापासून दूरच्या एका खोलीत त्याची जुनी चादर, पाणी आणि मातीचं घमेलं मांडा, आणि पाहुण्यांना तिथे जाऊ देऊ नका. विसर्जनानंतर दोन आठवडे रोज एकदा उजेडात त्याचे डोळे बघा.